‘सर्वात नवीन ठेवा, बाकीचे उडवा’ : फोटो आवरण्याच्या त्या मेसेजला उत्तर

> “लॅपटॉप फोटोंनी भरलाय? ड्युप्लिकेट शोधणारं अ‍ॅप चालवा, ‘सर्वात नवीन ठेवा’ निवडा आणि बाकीचे उडवा. दिसायला सारखे म्हणजे सारखेच. काही गेलंच तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेच. कार्यक्रमही तारखेनुसार आपोआप वेगळे होतात. एका संध्याकाळचं काम!”

ड्युप्लिकेट दोन रीतींनी शोधले जातात आणि दोन्हींचा भरवसा सारखा नाही. पहिल्या रीतीत फाईलमधल्या सगळ्या बाइट्सवरून एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. दोन फाईलींचा हॅश जुळला की त्यातली एक खुशाल काढा, दोन्ही तंतोतंत एकच आहेत. दुसऱ्या रीतीत अ‍ॅप चित्र ढोबळपणे ताडून बघतं. त्यामुळे मूळ फोटो, त्याची लहान केलेली प्रत आणि पाठोपाठ काढलेले दोन-तीन फोटो एकाच गटात येऊन बसतात. ग्रुप फोटोत एकात आजीचे डोळे मिटलेले असतात, दुसऱ्यात उघडे. अ‍ॅपच्या लेखी तो एकच फोटो. Czkawka या मोफत प्रोग्रॅममध्ये या दोन रीतींचे विभाग वेगळे आहेत. पहिल्या विभागातलं निर्धास्त साफ करा, दुसऱ्यातला प्रत्येक गट डोळ्यांखालून घाला.

सगळ्यात मोठं नुकसान ‘सर्वात नवीन ठेवा’ करतं. समजा, 12 फेब्रुवारीच्या लग्नातला एक फोटो आहे. मूळ फाईल 4000 × 3000 पिक्सेलची, तीन-चार एमबीची. मार्चमध्ये कुणीतरी तो घरच्या ग्रुपवर टाकला. नेहमीच्या दर्जात पाठवला तर तो साधारण 1600 × 1200 होऊन पोचतो, आकार काहीशे केबी. ही फाईल नंतर आली, म्हणून ती ‘नवीन’. अ‍ॅप तिला ठेवतं आणि मूळ फाईल कचऱ्यात टाकतं. 300 डीपीआयने छापायला गेलात तर मूळ फोटो तेरा इंच रुंद निघतो आणि ग्रुपवरचा जेमतेम सव्वापाच. शंभर फोटोंच्या अल्बममध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही, फ्रेम करायला दिल्यावर येतं.

म्हणून ग्रुपवरची प्रत ही राखीव प्रत नव्हे. फोटो म्हणून पाठवलेल्या फाईलमधून एक्झिफ माहितीही गळून जाते, म्हणजे फोटो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ते. एचडी निवडलं तरी फोटो दाबलाच जातो, फक्त कमी. मूळ ओळखायची खूण सोपी आहे. फाईलच्या माहितीत कॅमेऱ्याचं मॉडेल आणि काढल्याची वेळ दिसते का आणि पिक्सेल किती, ते बघा. नावात `-WA` असेल, उदाहरणार्थ `IMG-20240303-WA0007.jpg`, तर ती व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली आहे. मात्र तुमच्याकडे तेवढीच प्रत असेल तर ती मुळीच काढू नका. फोटो काढणाऱ्याला तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाईल जशीच्या तशी येते.

गूगल फोटोजवर भिस्त असेल तर बॅकअपचा दर्जा तपासा. `Storage saver` असेल तर तिथे गेलेली प्रत दाबलेली आहे, `Original quality` असेल तरच मूळ. आणि बॅकअप झालेला फोटो त्या अ‍ॅपमधून डिलीट केला की क्लाउडमधूनही जातो, फक्त 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतो.

आता तारखा. वरच्या उदाहरणातली ग्रुपची प्रत एक्झिफ नसल्याने मार्चच्या फोल्डरमध्ये जाते आणि लग्नाचे फोटो दोन महिन्यांत विखुरतात. शिवाय हळद 11 तारखेला, लग्न 12 ला, सत्यनारायण 14 ला. घरच्यांसाठी हे एकच कार्य, यंत्रासाठी तीन दिवस. माझं मत असं की, वर्गवारी यंत्राला करू द्या, पण फोल्डरचं नाव माणसाने द्यावं: `2024-02-11_लग्न`.

घड्याळांची गडबड याहून चिवट असते. दुबईहून आलेल्या मामेभावाच्या कॅमेऱ्यात तिथलीच वेळ असेल तर त्याचे सगळे फोटो दीड तास मागे पडतात. 12:20 चा अंतरपाट 10:50 ला दिसतो, वरात यायच्या आधी. फरक ओळखायला अक्षता पडतानाचा एकच क्षण त्याच्या कॅमेऱ्यात आणि तुमच्या फोनमध्ये शोधा. मग फक्त त्याच्या फोल्डरवर, इथे `dubai_camera`, exiftool या प्रोग्रॅमची ही कमांड चालवा:

```
exiftool "-AllDates+=1:30" dubai_camera
```

प्रत्येक जुनी फाईल `_original` जोडून बाजूला राहते. फोटो क्रमाने लागले याची खात्री पटल्यावरच त्या काढा. वेळ बदलली की हॅशही बदलतो, म्हणून तंतोतंत ड्युप्लिकेट त्याआधीच काढलेले हवेत. आणि हे सगळं सुरू करण्यापूर्वी सगळ्या फोनमधले, कार्डांवरचे फोटो जसेच्या तसे एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा. काटछाट दुसऱ्या प्रतीवर करा, ती डिस्क मात्र अल्बम छापून हातात येईपर्यंत पुसू नका.