मीटरवरचा आकडा बघून गाडी घेऊ नका

जुनी गाडी बघायला गेलं की आपण आधी काचेतून आत डोकावून किलोमीटर वाचतो. माझ्या मते तो आकडा सगळ्यात शेवटी वाचावा. डिजिटल मीटरमधल्या चिपवरचा आकडा लॅपटॉप लावून बदलता येतो आणि बाहेरून त्याची काही खूण दिसत नाही. मात्र तो आकडा बदलणारा माणूस टायरवरचं साल, इन्शुरन्सचा कागद आणि कंपनीच्या वर्कशॉपमधली नोंद एकमेकांशी जुळवत बसत नाही. आपण नेमकं तेच करायचं.

मेहुण्यासाठी पुण्यात एक पेट्रोल हॅचबॅक बघितली होती. ऑगस्ट २०१८ चं रजिस्ट्रेशन, आरसीवर विकणाऱ्याचंच नाव, आणि तोच फर्स्ट ओनर. मीटरवर ४१ हजार. गाडी चकाचक पुसलेली, आतून छान वास येत होता. मी खाली बसून टायर बघितले. टायरच्या बाजूला लांबलचक नंबर असतो आणि त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. (बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात, मोबाईलचा टॉर्च मारून वाचायचे.) चारही टायरवर 1422, म्हणजे एप्रिल २०२२ ची बनावट. डिकीतल्या स्टेपनीवर मात्र 2118, म्हणजे कंपनीतून आलेली मूळ. म्हणजे पहिला सेट आधीच बदलला होता, आणि हा दुसराही खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे वेअर इंडिकेटरपर्यंत, झिजत आला होता. अशा गाडीत एक सेट साधारण चाळीस-पन्नास हजार चालतो. दोन सेट संपवून गाडी ४१ हजारांवर कशी थांबेल? टायर खराब रस्त्याने किंवा अलाइनमेंट बिघडल्यानेही लवकर जातात, म्हणून तेवढ्यावर मी कुणाला खोटं ठरवत नाही. पण पुढचा कागद मागतो.

तो कागद म्हणजे चालू इन्शुरन्स पॉलिसी. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, बघायचा. एकही क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के होतो. या गाडीचा मालक एकच, म्हणजे २०२४ च्या पॉलिसीत ५० टक्के हवा होता. तिथे २० होता. याचा अर्थ मागचं एक वर्ष क्लेमशिवाय गेलं आणि त्याच्या आधीच्या वर्षी क्लेम झाला, नाहीतर पॉलिसी तीन महिन्यांहून जास्त खंडित राहिली. विचारल्यावर उत्तर आलं, "बंपरला जरा घासलं होतं."

मग बॉनेट उघडलं. उजव्या फेंडरच्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. डावीकडचे बोल्ट अखंड. उजवा हेडलाइट काचेसारखा स्वच्छ, डावा पिवळसर. बॉनेटच्या आतल्या कडेला कंपनीचं सीलंट एकसारखं आणि कडक असतं, इथे उजवीकडे नख रुतत होतं. इथपर्यंत ठीक, सुटे भाग बदलता येतात. पण चाकाच्या वरचा आतला पत्रा, ज्याला गॅरेजवाले एप्रन म्हणतात, तो बॉडीचाच भाग. त्याच्या जोडावर कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर दिसतात. डावीकडे होते. उजवीकडे ब्रशने फासलेलं सीलंट आणि खाली घासून सपाट केलेला वेल्ड. दाराचं रबरी बीडिंग ओढून पिलरही बघितला, तिथले ठिपके मात्र शाबूत होते.

विकणाऱ्याला सोबत घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, कारण हिस्टरी मालकासमोर सहज मिळते. मे २०२२ मध्ये सर्व्हिस, तेव्हाच ४६,८०० किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये ५३ हजारांवर बॉडी रिपेअर. त्यानंतर नोंद नाही, गाडी बाहेर सर्व्हिस होत होती. टायरची झीज धरली तर खरं रनिंग ऐंशी हजारांच्या आसपास. आम्ही गाडी सोडली.

मला राग रनिंगचा नाही. ऐंशी हजार चाललेली, नीट सांभाळलेली पेट्रोल गाडी मी आनंदाने घेईन, त्या भावात. पण मीटर मागे केलं की टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्स ऑइल, क्लच अशी कामं कधी करायची हा हिशोबच चुकतो, आणि त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर पडतो. हा सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे, 'सगळेच करतात' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

पहिल्यापासून बाहेर सर्व्हिस झालेल्या गाडीची हिस्टरी मिळणार नाही, आणि मालक बदलला की नो क्लेम बोनस शून्यावर जातो, त्यामुळे सेकंड ओनरच्या गाडीत त्यावरून काही ठरवू नका. तिथे टायर, बोल्ट आणि वेल्ड यांच्यावरच भिस्त. बंपर, फेंडर, दार रंगवलेलं असेल तर भाव पाडून घ्या. एप्रन, पिलर किंवा डिकीचा तळ कापून जोडलेला दिसला, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.