'सार्जंट पेपर' मोनोतच का ऐकायचा

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेनं, म्हणून जुनाट; स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी, म्हणून सुधारलेलं, असं डोक्यात बसलेलं असतं. म्हणून बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमची (1967) मोनो प्रत कोणी जास्त पैसे मोजून घेतली की लोकांना तो नुसता शौक वाटतो. तसा तो आहेच, पण त्यामागे कारण आहे. मिक्स म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज जुळवून गाणं पक्कं करणं, आणि मोनो आणि स्टिरिओ ही एकाच मिक्सची दोन रूपं नाहीत. दोन्ही मिक्स वेगवेगळे बसून केलेले आहेत, आणि जीव ओतून केलेला आहे तो मोनो.

तेव्हा इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत एकच स्पीकर असलेला रेकॉर्ड प्लेअर होता, रेडिओही मोनो होता. त्यामुळे मोनो मिक्सला बँड स्वतः बसून असायचा. स्टिरिओ नंतर निर्माता जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर मंडळींनी तुलनेनं झटपट उरकला. खरी अडचण इथेच होते. आवाज दुहेरी भासवणारं कृत्रिम डबल ट्रॅकिंग, टेपचा वेग कमी-जास्त करणं, आवाज हळूहळू मिटवणारा फेड कुठे करायचा हे सगळं मिक्स करतानाच हातानं व्हायचं. स्टिरिओसाठी ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागे, आणि काही गोष्टी सुटत.

सर्वात ठळक उदाहरण 'शी'ज लीव्हिंग होम'. मोनो मिक्स करताना टेप मुद्दाम थोडी जलद चालवली. स्टिरिओच्या वेळी ते केलंच नाही. म्हणून स्टिरिओ सुमारे 3:35 चा आणि मोनो सुमारे 3:26 चा. पेटी जवळ असेल तर लावून बघा: स्टिरिओ पांढरी तीनमध्ये, मोनो जवळजवळ पांढरी चारमध्ये. स्टिरिओत व्हायोलिनं ओढल्यासारखी वाटतात. मोनोत तीच व्हायोलिनं हलकी होतात, पॉल मॅकार्टनीचा आवाजही कोवळा लागतो. दुसरं उदाहरण रिप्राइजचं, म्हणजे शीर्षकगीत अल्बमच्या शेवटाकडे पुन्हा येतं त्याचं. मोनोत शेवटी गर्दीच्या आवाजावर पॉल मोकळेपणानं ओरडतो ते स्पष्ट कळतं. स्टिरिओत ते जवळपास गाडलं गेलंय.

आणि त्या काळच्या स्टिरिओचं ते विचित्र वाटप! अ‍ॅबी रोड स्टुडिओत एकेक मशीन चारच ट्रॅकचं, म्हणजे टेपवर आवाज भरायला चारच रांगा. चार भरले की ते दुसऱ्या मशीनवर एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. एकदा ड्रम्स, बास आणि गिटार एका ट्रॅकवर चिकटले की त्यांना वेगळं करता येत नाही, सगळा गठ्ठा एका बाजूलाच ठेवावा लागतो. स्पीकर खोलीत असतील तर चालून जातं. हेडफोनवर मात्र एका कानात अख्खा बँड आणि दुसऱ्यात गायक अशी गत होते.

आता 'स्टिरिओ प्रत आहे, अ‍ॅम्पवर मोनोचं बटण दाबतो, झालं' असं म्हणू नका. दोन्ही बाजू एकत्र केल्या की मधोमध असलेले आवाज कडेच्या आवाजांपेक्षा साधारण 3 डेसिबलनं वर येतात, म्हणजे तोल बिघडतो. आणि 'शी'ज लीव्हिंग होम' तरीही संथच राहतं, कारण वेग बटणानं बदलत नाही. बनावट मोनो ओळखायची हीच सोपी खूण: गाण्याची लांबी बघा. ब्रिटिश प्रत हातात असेल तर मोनोचा कॅटलॉग नंबर PMC 7027, स्टिरिओचा PCS 7027. रेकॉर्डच्या आतल्या गुळगुळीत पट्ट्यावर मोनोला XEX आणि स्टिरिओला YEX नं सुरू होणारा नंबर कोरलेला असतो. कव्हर आणि रेकॉर्डची अदलाबदल फार होते, म्हणून पट्टा बघूनच पैसे द्या.

ते मोनोचं बटण मात्र खऱ्या मोनो रेकॉर्डवर जरूर दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, उभी हालचालही वाचतं, आणि त्या उभ्या हालचालीत मोनो रेकॉर्डवर धूळ-ओरखड्यांची खरखर सोडून काहीच नसतं. दोन्ही बाजू जोडल्या की ती कटते. उलट, जुनं मोनो कार्ट्रिज स्टिरिओ रेकॉर्डवर कधीच लावू नका. त्याची सुई वर-खाली लवचिक नसते, खाच खरवडते.

मोनो प्रत्येक ठिकाणी सरस असं मी म्हणणार नाही. 'अ डे इन द लाइफ'मध्ये जॉन लेननचा आवाज एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जातो, ती गंमत स्टिरिओतच. 'गुड मॉर्निंग'च्या शेवटी कोंबडीचं ओरडणं पुढच्या रिप्राइजमधल्या गिटारच्या पहिल्या सुरात मिसळतं, तो सांधाही स्टिरिओत जास्त नेमका बसलाय. आणि हा सगळा वाद 1968च्या 'व्हाइट अल्बम'पर्यंतच. ब्रिटनमध्ये त्यानंतरच्या 'यलो सबमरीन'ची मोनो प्रत निघाली खरी, पण ती स्टिरिओच एकत्र करून बनवलेली. तिच्यासाठी जादा पैसे मोजायचे असतील तर कव्हरसाठी मोजा.