१२ हजारांची नोकरी नाकारणारा पोरगा

‘बेकारी वगैरे काही नाही. कुपवाड एमआयडीसीत कामाला माणसं मिळेनात आणि पोरं घरी बसलीत. आलेली नोकरी नाकारतो तो बेकार नव्हे, आळशी. आधी मिळेल ते धरावं, मग बदलावं. खरी गरज असलेला माणूस कधी नाही म्हणत नाही, हे सगळे बापाच्या जिवावरचे नखरे.’

नोकरी नाकारणाऱ्या पोरांबद्दल असं सर्रास बोललं जातं. आधी आळसाचं पाहू, कारण तिथं आकडे मांडता येतात. धरा, मिरजेचा एक आयटीआय झालेला टर्नर आहे. त्याच्या हुन्नराला सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात हातात १२, १४ किंवा १६ हजार मिळू शकतात आणि तिन्हींची शक्यता सारखी आहे. साधारण दोन महिन्यांतून एक नोकरी चालून येते. तोवर काकाच्या गॅरेजवर हात लावून, बसभाडं आणि झेरॉक्सचा खर्च जाता, महिन्याला ३ हजार उरतात. आज १२ हजारांची नोकरी समोर आहे आणि तो पुढच्या दोन वर्षांचा विचार करतोय.

आज हो म्हटलं तर २४ महिन्यांचे २ लाख ८८ हजार. नाही म्हटलं आणि १४ किंवा १६ हजारांची वाट पाहिली तर सरासरी तीन महिने जातात. त्या तीन महिन्यांचे ९ हजार, उरलेल्या २१ महिन्यांचे सरासरी १५ हजारांनी ३ लाख १५ हजार, मिळून ३ लाख २४ हजार. म्हणजे नाकारण्यात ३६ हजारांचा फायदा. १४ हजारांची नोकरी आली तर मात्र त्यानं ती लगेच धरावी. तिचे दोन वर्षांचे ३ लाख ३६ हजार होतात. १६ वरच अडून बसला तर सरासरी सहा महिने रिकामे जाऊन हातात ३ लाख ६ हजारच येतात.

३ लाख २४ हजारांना २४ ने भागलं की १३,५०० येतात. त्याची रेघ ती. वर आलं तर घ्यायचं, खाली आलं तर सोडायचं. अर्थशास्त्रात याला रिझर्व्हेशन वेज, म्हणजे किमान स्वीकार्य वेतन म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅककॉल यांनी १९७० मध्ये हे गणित नीट मांडलं. रेघ स्वभावावर ठरत नाही. याच पोराला नोकऱ्या दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांतून एकदा येऊ लागल्या, तर वाट पाहून दोन वर्षांत हाती येणारी रक्कम २ लाख ५२ हजारांवर घसरते आणि तोच पोरगा १२ हजारांना मुकाट हो म्हणेल. पोरगा तोच, बाजार बदलला.

पुण्यात २० हजार मिळतात, हे उदाहरणही सारखं तोंडावर मारलं जातं. खोली, मेस आणि गावी येण्याजाण्याचे मिळून ९ हजार गेले तर उरतात ११. आपल्या टर्नरच्या रेघेखालीच ते.

‘आधी धरा, मग बदला’ यात मात्र दम आहे. नोकरीत राहूनही तितक्याच सहज दुसरी शोधता येत असेल, तर थांबण्यात काहीच अर्थ नाही. गॅरेजच्या ३ हजारांपेक्षा जास्त देणारं पहिलं काम घ्यावं, असंच सिद्धांतही सांगतो. पण सगळा प्रश्न त्या ‘तितक्याच सहज’चा आहे. बारा तासांची पाळी, आठवड्याला एक सुट्टी, मुलाखत मंगळवारी सकाळी अकराला. नव्या माणसाला रजा कोण देतो? शिवाय वर्षभर नुसतं पॅकिंग केलेल्या टर्नरला पुढचा मालक टर्नर म्हणून घेईलच असं नाही. ज्याची सुटी रविवारऐवजी मधल्या वारी असते किंवा पाळी दुपारी सुटते, त्याच्यासाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. सगळ्यांसाठी नाही.

गरजेचं म्हणाल, तर मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा माणूस खरंच नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर संध्याकाळी चूल पेटत नाही, म्हणून त्याची रेघ जवळजवळ जमिनीला टेकलेली असते. त्यात त्याचा सद्गुण आणि टर्नरचा दुर्गुण शोधायची गरज नाही. बापाच्या जिवावर म्हणाल तर तेही खरंच, कारण पहिली नोकरी शोधणाऱ्याला आपल्याकडे बेकारी भत्त्याचा आधार जवळपास नसतो. कर्मचारी राज्य विम्याची बेरोजगारीतली मदत आधी विमा भरलेल्यांसाठी आहे. बाप खाऊ घालतो, तोच त्याचा भत्ता.

रेघ चुकतेही, आणि वरच्याच बाजूला जास्त. क्रूगर आणि म्युलर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बेकारी भत्ता घेणाऱ्यांना आठवड्यामागून आठवडा विचारलं, तेव्हा अनेकांनी सुरुवातीलाच अपेक्षा जास्त धरलेली दिसली आणि महिने गेले तरी ती फारशी खाली आली नव्हती. इथं ते ओळखायची खूण सोपी आहे: चालून आलेल्या मागच्या चार-पाच नोकऱ्यांचे हातात पडणारे आकडे लिहून काढा. त्यांतला एकही रेघेच्या वर नसेल, तर रेघ बहुधा बाजारावरून ठरलेली नाही. जुन्या पगारावरून नाहीतर पुण्याच्या चुलतभावाच्या पगारावरून ती आलेली असते. अशा पोराशी बोलायचं तर त्याच्या कष्टाळूपणाविषयी बोलू नका, त्या आकड्यांविषयी बोला.