जवळचं गिऱ्हाईक आधी? वाडीचं गोडाऊन घेऊन बघा

"गाडी निघाली की सगळ्यात जवळच्या गिऱ्हाईकाकडे जा, तिथून पुढच्या जवळच्याकडे. किलोमीटर कमी म्हणजे खर्च कमी. वेळेचं ड्रायव्हर बघून घेतो."

हा मेसेज ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर फिरून रायला, आणि वाचायला सोपा आहे म्हणून लोक अंगठा देऊन मोकळे. पण भाऊ, गिऱ्हाईकाने वेळ दिली असेल तर हे चालत नाही. काहून चालत नाही ते एका फेरीवर बघू, मिनिटं हिशेबाला सोपी जावी म्हणून माझ्या अंदाजाने धरलीयेत.

गोडाऊन नागपूरच्या वाडीला, छोटा हत्ती ९ वाजता निघतो, दर ठिकाणी माल उतरवायला २० मिनिटं. रविनगरचं गिऱ्हाईक १०:३० ते ११:१५ मध्ये पाहिजे म्हणतं, धरमपेठवाला १० ते १२, आणि सीताबर्डीचं दुकान फक्त ९:३० ते १०, नंतर गर्दीत गाडी लावायला जागाच नसते. वाडी ते रविनगर २० मिनिटं, तिथून धरमपेठ १०, तिथून बर्डी १०, आणि बर्डी ते वाडी सरळ ३५.

जवळचा आधी धरला तर रविनगर ९:२०ला येतं आणि तिथे दुकान उघडायची वाट बघत १०:३० पर्यंत बसा. बरं, समजा शेठने लवकर घेतलं, ९:४०ला मोकळे, धरमपेठ ९:५०, दहा मिनिटं थांबा, १०:२०ला सुटका, बर्डीला १०:३०. अर्धा तास लेट, माल परत गाडीत. आता उलटं फिरा: आधी बर्डी ९:३५, मग धरमपेठ १०:०५, मग रविनगर १०:३५, गोडाऊनला ११:१५. सगळे वेळेत. आणि गंमत म्हणजे दोन्ही फेऱ्यांत गाडी चालली ७५ मिनिटंच! म्हणजे अंतर तेवढंच राहून एक फेरी फसते आणि दुसरी पार पडते, त्यामुळे नुसत्या किलोमीटरवरून फेरी चांगली की वाईट ते ठरत नाही. माल परत आला की दुसरी चक्कर, ते डिझेल त्या हिशेबात कोणी धरतच नाही.

मग करायचं काय? एक जुनी सोपी रीत आहे, संशोधक मारियस सोलोमनने १९८७ मध्ये अशा रीती तपासल्या होत्या, त्यात 'घुसवत जाण्याची' रीत चांगली ठरली. ज्याची वेळ सगळ्यात आधी संपते (किंवा जो सगळ्यात लांब आहे) त्याच्यापासून फेरी सुरू करा, मग एकेक गिऱ्हाईक मध्ये कुठे बसतं ते बघा. जास्तीचा वेळ म्हणजे दोन नव्या टप्प्यांची बेरीज वजा जुना टप्पा. समजा त्रिमूर्तीनगरवाल्याचा फोन आला, १०:३० ते ११:३० द्या म्हणतो. बर्डी आणि धरमपेठच्या मध्ये घातला तर (बर्डीहून २०, धरमपेठला १५) रविनगर ११:३५ला, गेलं. धरमपेठ आणि रविनगरच्या मध्ये घातला तर (दोन्हीकडून १५) २० मिनिटं जास्त आणि रविनगरला बरोबर ११:१५. कागदावर बसतं, पण एक सिग्नल लागला की संपलं. रविनगरनंतर घातला, तिथून १५ आणि वाडीला २०, तर फक्त १५ मिनिटं जास्त आणि पोहोच ११:१०. हेच घ्यायचं.

आता ड्रायव्हरचं. त्याला पुढचा स्टॉप दिसतो, त्याच्या पुढचा नाही. म्हणून मागून हिशेब करून त्याच्या हातात 'शेवटची वेळ' द्या: त्रिमूर्तीनगर ११:३०, तिथून २० उतरवणं आणि १५ प्रवास मागे गेलं की रविनगर १०:५५, तसंच धरमपेठ १०:२५, बर्डी ९:५५, म्हणजे गोडाऊनवरून गाडी सुटायलाच पाहिजे ९:२०ला. रविनगरचं गिऱ्हाईक स्वतः ११:१५ म्हणत असलं तरी आपल्यासाठी १०:५५च. हमाल उशिरा आला आणि गाडी ९:२५ला निघाली, तर शेवटचा स्टॉप हुकणार हे गेटवरच कळतं, तिथेच त्रिमूर्तीनगरला फोन लावा किंवा तो माल दुसऱ्या गाडीत टाका.

एक खोट या घुसवत जाण्याच्या रीतीतही आहे: आधी बसवलेला स्टॉप ती स्वतः हलवत नाही. म्हणून शेवटी एखाद-दोन स्टॉप उचलून दुसरीकडे ठेवून बघा, पण उचललेल्यांचा आपसातला क्रम तोच ठेवून. नकाशावर फेरीच्या रेषा एकमेकींना कापतात म्हणून फेरीचा मधला तुकडा उलटा केला की त्यातल्या सगळ्यांच्या वेळा बदलतात, प्रत्येकाची परत तपासल्याशिवाय तो बदल घेऊ नका. आणि बर्डीची सकाळची ३५ मिनिटं संध्याकाळच्या फेरीला लावू नका, संध्याकाळसाठी वेगळे आकडे काढा.