भोवऱ्यावरचे केस बारीक केल्याने बसत नाहीत

«भोवऱ्यावर केस उभे राहतात ना? तिथले केस बाकीच्यांपेक्षा बारीक ठेवा. थिनिंगची कात्री मारून घ्या, म्हणजे हलके होऊन बसतील. दर पंधरा दिवसांनी असं केलं की वळण कायमचं मोडतं.»

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण याच आशेवर लोक महिनोन्‌महिने चुकीचा कट घेत राहतात. केस कुठल्या दिशेला झुकणार हे त्वचेच्या आत मूळ किती तिरकं बसलंय त्यावर ठरतं, आणि ही मुळं आईच्या पोटातच बसून जातात. मशीन चालते त्वचेच्या वर. कितीही वेळा फिरवली तरी खालचा तिरकेपणा हलत नाही.

आता केस उभे का राहतात ते. कपाळाकडचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे कौलांसारखे एकावर एक पडतात आणि एकमेकांना दाबून धरतात. भोवऱ्यात ही दिशा गोल फिरत जाते. मध्यबिंदूच्या अलीकडचा केस एकीकडे झुकतो, पलीकडचा नेमका उलट. कोणी कोणावर टेकत नाही, म्हणून दाबणारंही कोणी नसतं. कंगवा एका दिशेने ओढला की निम्मे केस बसतात आणि उरलेले निम्मे उलटे ओढले जाऊन उठतात.

अशा जागी केसाला वाकवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याचं स्वतःचं वजन. बारीक करण्याचा सल्ला फसतो तो इथेच. आडव्या धरलेल्या केसाची लांबी दुप्पट केली, तर वजनाने टोक दुप्पट नाही, जवळजवळ सोळापट झुकतं. जाड, सरळ केस घेऊन ढोबळ हिशोब केला तर 2 सेंटीमीटरच्या केसाचं टोक पाव मिलिमीटरही खाली येत नाही. 4 सेंटीमीटरला ते दोन-अडीच मिलिमीटर येतं आणि 6 सेंटीमीटरला एक सेंटीमीटरच्या वर. म्हणजे दोन सेंटीमीटरचा केस ही काडीच आहे. ती वाकण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

बारीक करण्यात खरं आहे ते एवढंच की 1 नंबर, म्हणजे 3 मिलिमीटरवर, केस उठून दिसण्याइतका लांबच नसतो. पण मग सगळं डोकं त्याच्या जवळपास ठेवावं लागतं, आणि भोवऱ्याच्या मध्यावर टाळू दिसते. सगळ्यात वाईट पट्टा साधारण दीड ते चार सेंटीमीटरचा.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, केस राठ आणि सरळ. भोवऱ्यावर दर वेळी 3 नंबर, म्हणजे 10 मिलिमीटर. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे तीन आठवड्यांत तो बरोबर त्या वाईट पट्ट्यात शिरायचा, ब्रशसारखे केस घेऊन. मी बाजू आणि मान 2 नंबरने साफ ठेवत गेलो आणि भोवऱ्याला हात लावला नाही. दुसरा महिना सगळ्यात अवघड गेला, त्याच्या आईने दोनदा कापायला सांगितलं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी केस मुळाशी उभे, पण टोकाला वळलेले दिसू लागले. साडेचार महिन्यांनी, सहा सेंटीमीटरच्या आसपास, ते आपोआप खाली बसले. तेव्हापासून तिथलं फक्त टोक छाटतो, कात्रीने.

बारीक धाग्याचे केस पाच सेंटीमीटरलाच बसतात. दोन भोवरे असतील तर मधल्या पट्टीतले केस दोन्हीकडून ढकलले जातात, तिथे सात-आठ लागतात. कुरळ्या केसांत भोवरा बहुधा लपतोच.

थिनिंगच्या कात्रीचा सल्ला तर उलटाच पडतो. ती लांब केसांच्या मध्ये आखूड केस तयार करते. वजन कमी होतं, आणि वर ते आखूड खुंट लांब केसांना खालून उचलून धरतात. कट झाल्यावर भोवऱ्यावर हात फिरवा. मऊ केसांखाली टोचरा थर लागला तर पुढचे दोन महिने काय होणार ते कळतं.

एक गोष्ट मात्र खुर्चीत बसल्याबसल्या मागून घ्या. भोवरा कोरडा असताना कापायला सांगा. ओला केस मऊ होऊन चिकटून बसतो, त्यामुळे लांबी पुरेशी वाटते आणि कात्री जास्त चालते. घरी जाऊन वाळला की उठतो. ओलाच कापायचा असेल तर बोटभर जास्त सोडा, वाळवून बघा, मग हवं तर अजून घ्या.