शार्त्रच्या खिडक्या निरक्षरांना खरंच कळायच्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

फ्रान्समधल्या शार्त्र कथीड्रलच्या रंगीत काचेच्या खिडक्या निरक्षरांना बायबल शिकवण्याचं साधन होत्या, असं मी आधीच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया आणि माझं उत्तर.

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचायला छान वाटला, पण मुद्दा पटला नाही. मी शार्त्रला जाऊन आलोय. मान मोडेपर्यंत वर बघितलं, दुर्बीण लावली, तरी निम्म्या खिडक्यांत काय चाललंय ते कळलं नाही. मी शिकलेला माणूस. मग तेराव्या शतकातल्या अडाणी शेतकऱ्याला काय डोंबल कळत असणार? 'निरक्षरांचं बायबल' वगैरे सगळं नंतरच्या लोकांनी रचलेलं आहे. चर्चला श्रीमंती मिरवायची होती, एवढंच."

उत्तर:

आधी उंचीबद्दल बोलू, कारण तिथे त्या वास्तूतच पुरावा आहे. शार्त्रमध्ये दोन प्रकारच्या खिडक्या आहेत. अगदी वर, छताखालच्या ओळीत, बहुतेक ठिकाणी एकेकटे भव्य संत आणि संदेष्टे उभे आहेत. छोट्या छोट्या प्रसंगांच्या, गोष्ट सांगणाऱ्या खिडक्या मात्र खालच्या ओळीत, बाजूच्या मार्गिकांच्या भिंतींत आहेत. लांबून काय दिसेल आणि जवळून काय दिसेल, याचा हिशोब करूनच ही मांडणी झाली आहे. नुसता रंगांचा झगमगाट हवा असता तर असा फरक करायची गरजच नव्हती.

आता त्या खालच्या ओळीतली एकच खिडकी नीट बघू. दक्षिणेकडच्या भिंतीत भल्या शोमरोन्याच्या दाखल्याची, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेची, खिडकी आहे, साधारण 1205 ते 1215 च्या दरम्यानची. ती खालून वर बघायची. सगळ्यात खाली, म्हणजे माणसाच्या डोळ्यांना सर्वात जवळ, कोणी संत नाही. तिथे चांभार आपलं काम करताना दिसतात. खिडकीचा खर्च त्यांनीच दिला की नाही यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण बघणाऱ्याची नजर आधी ओळखीच्या धंद्यावर पडते आणि तिथून वर चढते, हे मात्र खरं.

त्यावर येशू दाखला सांगतो आहे. पुढे वाटसरू यरुशलेमच्या दरवाजातून बाहेर पडतो, लुटारू त्याला गाठतात, मारतात, लुटतात. याजक आणि लेवी हे देवळाचे सेवेकरी बघून पुढे निघून जातात. परका समजला जाणारा शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो आणि तिथे त्याची शुश्रूषा करतो. या भागात न कळण्यासारखं काहीच नाही. एक बुरूज आणि दरवाजा दाखवला की शहर झालं. प्रभामंडळात क्रूस दिसला की तो येशू. अशा मोजक्या खुणा एकदा डोळ्यांत बसल्या की माणूस दुसऱ्या खिडकीतही त्या ओळखतो. शिवाय ही गोष्ट लोकांना अनोळखी नव्हती. वर्षातल्या एका ठरलेल्या रविवारी हाच दाखला चर्चमध्ये वाचला जायचा. वाचन लॅटिनमध्ये होई हे खरं, पण प्रवचनं लोकांच्या बोलीत द्यावीत असा ठराव 813 सालीच तूरच्या धर्मसभेत झाला होता.

खरी मेख पुढे आहे. धर्मशाळेचा प्रसंग संपतो आणि त्याच्या लगेच वर देव आदामाला घडवतो आहे! मग हव्वा, मनाई केलेलं फळ, बागेतून हकालपट्टी, काइनने केलेला हाबेलाचा खून, आणि अगदी शेंड्यावर सिंहासनावर बसलेला ख्रिस्त. जखमी वाटसरूचा आदामाशी काय संबंध? हे नुसतं बघून कोणालाही उमगणार नाही. तेव्हाच्या शेतकऱ्याला नाही, आज आपल्याला नाही.

उत्तर होतं ते प्रवचनात. ऑगस्टीनसारख्या जुन्या आचार्यांनी या दाखल्याचा अर्थ असा लावला होता: वाटसरू म्हणजे आदाम, म्हणजेच सगळी मानवजात. यरुशलेम म्हणजे स्वर्ग, लुटारू म्हणजे सैतान. याजक आणि लेवी म्हणजे जुनं नियमशास्त्र, जे माणसाला वाचवू शकलं नाही. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि धर्मशाळा म्हणजे चर्च. हे एकदा ऐकलेला माणूस दर रविवारी त्याच खिडकीशेजारी उभा राहायचा. खाली दरवाजातून बाहेर पडणारा वाटसरू आणि वर बागेतून हाकलला जाणारा आदाम त्याला एकाच नजरेत दिसायचे. खिडकी त्याला नवं काही शिकवत नव्हती. ऐकलेलं त्याच्याकडून निसटू देत नव्हती. शिकवण्याचं साधन म्हणतो ते मी याच अर्थाने, आणि हा अर्थ मला लहान वाटत नाही.

फ्रान्समधल्याच सांस आणि बूर्ज इथल्या कथीड्रलमध्ये हाच दाखला आहे, पण रचना वेगळी. तिथे गोष्ट वरून खाली उतरते. सांसला दाखल्याचे प्रसंग मधल्या चौकोनांत आहेत आणि प्रत्येकाभोवती त्याचा अर्थ सांगणारी गोल चित्रं आहेत. लुटीभोवती आदाम-हव्वा, याजक-लेवीभोवती नियमशास्त्र देणारा मोशे, आणि शोमरोन्याभोवती ख्रिस्ताचं दुःखभोग आणि पुनरुत्थान. म्हणजे वाचायची दिशासुद्धा गावागणिक बदलत होती, आणि ती कोणीतरी बोट दाखवून सांगावीच लागत होती. खिडकी एकटीच शिकवायची असं कोणी म्हणत असेल, तर त्याच्याशी माझाही वाद आहे.

"नंतरच्या लोकांनी रचलेलं" हे मात्र मला मान्य नाही. मार्सेच्या बिशप सेरेनसने चर्चमधल्या प्रतिमा फोडल्या, तेव्हा इसवी सन 600 च्या सुमारास पोप ग्रेगरींनी त्याला खडसावलं की ज्यांना अक्षर येत नाही त्यांना जे पुस्तकात वाचता येत नाही ते निदान भिंतीवर बघून वाचता यावं, म्हणून ही चित्रं असतात. ग्रेगरी खिडक्यांबद्दल बोलत नव्हते, पण विचार जुना आहे. मिरवण्याचा आपला मुद्दा पॅरिसच्या सेंत-शापेलला चपखल बसतो. तिथे हजाराहून जास्त प्रसंग सुमारे 15 मीटर उंचीपर्यंत चढत जातात, वरचे खालून वाचता येणं अशक्य. पण ते राजाचं खासगी प्रार्थनामंदिर होतं, गावकऱ्यांचं नव्हतं. म्हणून कुठल्याही खिडकीबद्दल मी आधी विचारतो की तिच्यासमोर उभं कोण राहायचं.

आणि आपल्या दुर्बिणीबद्दल. आपण जी काच बघितली ती तेव्हाची काच राहिलेली नाही. रंग काचेच्या अंगातच असतो, तो टिकतो. पण चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या हे सगळं वरून रंगवलेलं असतं. बाराव्या शतकात कारागिरीवर ग्रंथ लिहिणाऱ्या थिओफिलस नावाच्या भिक्षूने त्याची कृती दिली आहे: जाळलेल्या तांब्याची पूड आणि हिरव्या व निळ्या काचेची पूड, दारूत किंवा मूत्रात घोटून कुंचल्याने लावायची आणि भट्टीत भाजायची. भाजणी कमी पडली की हा थर पुढे झडतो आणि चेहऱ्याच्या जागी नुसती कोरी चकती उरते. मग कोण कोणाकडे बघतंय, कोण बोलतंय, काही कळत नाही.

दुसरा घोटाळा काचेचाच. थिओफिलसच्या कृतीत दोन भाग बीचच्या लाकडाची राख आणि एक भाग वाळू असते. अशा राखेच्या काचेला ओल बाधते. बाहेरच्या बाजूला खड्डे पडतात, तपकिरी पापुद्रा धरतो आणि उजेड अडतो. त्यात शेकडो वर्षांची मेणबत्त्यांची काजळी. शार्त्रमध्ये अलीकडे साफसफाई झाली आहे, पण झडलेली रेष परत येत नाही. पुन्हा जाणं झालं तर काळपट डाग आणि कोरा चेहरा यांत फरक करून बघा. डागामागे चित्र अजून शाबूत असू शकतं, कोऱ्या चेहऱ्यात ते गेलेलं असतं. आणि दुपारी जाणार असाल तर शोमरोन्याच्या खिडकीपासूनच सुरुवात करा, दक्षिणेचा उजेड तिच्यावर सरळ येतो.