चाळीस शब्दांतला मी

एका दिवाळी अंकाने माझा मोडी लिपीवरचा लेख स्वीकारला, याचा आनंद मला जेमतेम एक दिवस लाभला. दुसऱ्या दिवशी संपादिकाबाईंचा निरोप आला, की लेखाखाली छापण्यासाठी चाळीस शब्दांत लेखक परिचय पाठवावा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे गिचमिड अक्षर मी एका दुपारी लावतो. या चाळीस शब्दांना मला अकरा दिवस लागले.

पहिली अडचण व्याकरणाची होती. परिचय तृतीयपुरुषी असावा, असा संकेत आहे. म्हणजे तो दुसऱ्याच कोणी लिहिला आहे, असे सोंग लेखकानेच आणायचे. मराठीत या सोंगाला आदरार्थी बहुवचनाची शिक्षा जोडलेली आहे. ‘तो पुण्यात राहतो’ असे लिहिले, तर घरातून पळून गेलेल्या मुलाचा ठावठिकाणा दिल्यासारखे वाटते, आणि ‘ते पुण्यात राहतात’ असे लिहिले, तर आपल्याच हाताने आपल्या गळ्यात हार घातल्यासारखे होते. दोन दिवसांच्या झटापटीनंतर मार्ग सापडला तो क्रियापदालाच रजा देण्याचा: ‘वास्तव्य पुण्यात.’ वाक्य असे अर्ध्यावर सोडले, की स्वतःला अहो म्हणावे की अरे, हा प्रश्नच उरत नाही.

या युक्तीच्या बळावर मी पहिला मसुदा धाडला: ‘वास्तव्य पुण्यात. बँकेतून निवृत्त. मोडी लिपीची आवड. वाचन, प्रवास आणि संगीत यांत रस.’ बाईंचा लगेच फोन आला. “काका, यातले तुमचे नाव खोडून माझ्या सासऱ्यांचे घातले, तरी चालेल हो. मोडी तेवढी त्यांना येत नाही.”

मी पेन्सिल घेतली आणि आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या नामफलकावरील कोणालाही लागू पडेल असा प्रत्येक शब्द खोडत गेलो. वाचन, प्रवास आणि संगीत पहिल्याच मजल्यावर गळून पडले. बँकेतून निवृत्त झालेले आमच्याकडे चौघे आहेत. भाच्याने मदतीदाखल ‘व्यासंगी आणि ज्येष्ठ अभ्यासक’ सुचवले होते. परंतु दिवाळी अंकात व्यासंगी नसलेला लेखक मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे तेही गेले. उलट्या बाजूने मी ‘मोडीचा एक अतिसामान्य विद्यार्थी’ असे लिहून पाहिले, तेव्हा ही चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, “म्हणजे वाचणाऱ्याने ‘छे, छे, असं कसं’ म्हणावं, याचीच सोय केलीत की.” अतिनम्रता हीदेखील जाहिरातच असते, फक्त लहान टाइपातली, हे मला कपभर चहाच्या किमतीत कळले.

“विशेषणं राहू द्या,” ती पुढे म्हणाली, “या टेबलावर काय काय येतं, ते लिहा.”

टेबलावर लोकांच्या ट्रंकांतले कागद येतात. बहुतेक जमिनीच्या भांडणांचे असतात, आणि मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नसल्यामुळे एखादे नाव कुठे संपते आणि हक्क कुठे सुरू होतो, यावरच अर्धे भांडण अडलेले असते. एकदा एक गृहस्थ रेशमी फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन आले. पेशव्यांनी आपल्या पूर्वजांना दिलेली सनद म्हणून त्यांच्या घरी दसऱ्याला त्याची पूजा होत असे. मी आधी मिती पाहिली, तर ती शके १७८२ ची. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८६० येतो, आणि पेशवाई तर १८१८ मध्येच संपलेली. पुढच्या चार ओळी लावल्यावर कळले, की पूर्वजांनी म्हैस घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे ते खत होते. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, “फेडलं होतं का?” ते काही त्या कागदात नव्हते.

ही हकीकत लिहिताना मला संकोच वाटला नाही, कारण तीत माझी स्तुती नव्हती, म्हशीची होती. मात्र वर्षांचा आकडा मी अंदाजाने घातला नाही. माळ्यावरून पहिली वही काढली, तेव्हा मनातली ‘पंचवीसेक वर्षे’ प्रत्यक्षात १९ भरली. त्या गृहस्थांना फोन करून त्यांची परवानगीही घेतली. नाव आणि गाव गाळण्याच्या अटीवर ती मिळाली. शेवटी पाठवले ते असे:

‘वास्तव्य पुण्यात. गेली १९ वर्षे लोकांच्या घरांतील मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर. त्यांतले बहुतेक जमिनीच्या भांडणांचे. पेशव्यांची सनद म्हणून हाती आलेला एक कागद म्हशीसाठी काढलेल्या कर्जाचा निघाला.’

बाईंनी एकही शब्द बदलला नाही. अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. माझ्या आठ पानी लेखाबद्दल पलीकडचा आवाज चकार शब्द बोलला नाही.

“ते म्हशीवाले तुम्हीच ना?” त्याने विचारले. “आमच्याकडे एका बैलाचा कागद आहे.”